समाजमंदिरात वाचायला कुठली गोष्ट घ्यावी?

नमस्कार काकू,
मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. दर गुरुवारी दुपारी चारला आमच्या समाजमंदिरात गावातली वयस्कर मंडळी जमतात. त्यांना काहीतरी वाचून दाखव, असं मला सांगितलंय. मी एक गाजलेली कादंबरी घेतली. पहिल्या गुरुवारी अठ्ठावीस जण होते, तिसऱ्या गुरुवारी अकरा उरले. माईक आहे, मी आवाज चढवून वाचते, तरी मागून ‘काय म्हणाली?’ असं ऐकू येतं. कादंबरी बदलू की आणखी काही? मला एकेरीच म्हणा, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.

---

बाळ, दुसरी कादंबरी शोधू नकोस. कादंबरी हा प्रकारच गुरुवारच्या बैठकीला सोसत नाही. तुझ्या अठ्ठावीस जणांतल्या एकाची साताऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं तारीख असते, एकीची सून बाळंतपणाला गेलेली असते, कुणाच्या रानात भांगलणीला बायका लावलेल्या असतात. एक गुरुवार चुकला की माणूस पुढच्या वेळी येतो आणि हा कोण, ती कुणाची कोण, याचा अंदाज घेत बसतो. शेजाऱ्याला विचारायची त्याला लाज वाटते. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो घरीच राहतो. माझ्याकडंही पहिल्या वर्षी हेच झालं. मी सांगलीत गावभागातल्या एका सभागृहात दर बुधवारी वाचते, अकरा वर्षं झाली. माणसं कंटाळून जातात असं मला वाटायचं. मग एका आजोबांना बाजारात गाठून विचारलं, तर म्हणाले, ‘मधला धागा तुटला, मग परत कशाला यायचं?’

तेव्हा जे वाचशील ते त्याच बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपायला हवं. वाचन पंधरा ते अठरा मिनिटांचं धर. त्याच्यावर गेलं की पाठीला कळ लागते, कुणाला लघवीला उठावं लागतं आणि एकजण उठला की रांगेतले चार हलतात. उरलेला अर्धा तास बोलण्याला लागतो आणि तो लागायलाच हवा.

लांबी पानांवरून ठरवायची नाही. ज्या वेगानं समाजमंदिरात वाचणार त्याच वेगानं घरी मोठ्यानं वाचायचं आणि घड्याळ बघायचं. मी मिनिटाला शंभरेक शब्द वाचते, म्हणजे साध्या छापील पानाला पावणेतीन-तीन मिनिटं जातात. मनातल्या मनात तेच पान आपण एका मिनिटात संपवतो, म्हणून अंदाज हमखास चुकतो. सहा पानांची गोष्ट अठरा मिनिटांची होते, बारा पानांची होते पाऊण तासाच्या आसपास, कारण लोक हसतात, मध्ये बोलतात, पाणी मागतात.

‘पुढं काय?’ ही ओढ लोकांना हवीच असेल, तर त्यासाठी कादंबरीपेक्षा बरी वाट आहे. एकाच गावातल्या सुट्या गोष्टी घे. द. मा. मिरासदारांची भोकरवाडी माहीत असेल तुला. प्रत्येक गोष्ट आपापली पुरी होते, पण माणसं तीच, नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर. एखादा गुरुवार चुकलेल्याचं काही अडत नाही आणि रोज येणाऱ्याला तिसऱ्या वेळी नुसतं ‘नाना चेंगट’ म्हटलं की हसू फुटतं. शिवाय त्या नावांकडं कानानं बघ. चेंगट, पैलवान, मास्तर. एकाचं दुसऱ्यासारखं ऐकू येत नाही, आणि ‘पैलवान’ म्हटल्यावर तो कोण हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता मागून ‘काय म्हणाली?’ का येतं ते. वय झालं की कान सगळाच मंद होत नाही, आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, थ, त ही व्यंजनं त्यात सापडतात. स्वर मात्र शाबूत ऐकू येतात, कारण ते जाड असतात. तू आवाज चढवतेस तेव्हा स्वरच मोठे होतात आणि आधीच ऐकू येत होतं ते आणखी कर्कश होतं. बाईचा चढलेला आवाज तर पट्टीनंही वर जातो. म्हणून आवाज एक पायरी खाली घे, वाक्यांमध्ये श्वासभर थांब, आणि खिडकीकडं पाठ करून उभी राहू नकोस. पाठीमागून उजेड आला की तुझं तोंड काळोखात जातं, आणि अर्धी मंडळी ओठ बघूनच शब्द पुरा करत असतात, त्यांना स्वतःला ठाऊक नसलं तरी.

पण याचा निवडीशी जास्त संबंध आहे, म्हणून एक प्रसंग सांगते. एका गोष्टीत बैलाच्या सौद्यावर सगळी गंमत उभी होती. मालक साठ म्हणतो, गिऱ्हाईक आठवर अडून बसतं. मी वाचून दाखवली आणि कुणीच हसलं नाही. समोरच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, ‘दोघंबी आठच म्हणतायत की, मग भांडण कशाचं?’ साठातला स गेला की आठ उरतं. पानावर ती गोष्ट उत्तम होती आणि कानावर पडली तेव्हा तिच्यात काहीच उरलं नव्हतं. तेव्हापासून गोष्ट निवडताना मी तिचा जीव कशात आहे ते आधी बघते. एका शब्दाच्या कोटीवर, एखाद्या आकड्यावर किंवा दोन सारख्या नावांच्या घोटाळ्यावर उभी असेल, तर बाजूला ठेवते. माणसाच्या वागण्यावर उभी असेल तर घेते. कारण वागणं एक शब्द निसटला तरी कळतं.

नावांचंही तसंच. शामराव, शंकरराव आणि सदाशिव एका गोष्टीत असतील तर ती गोष्ट मोठ्यानं वाचायची नाही. एका प्रसंगात तीनच्या वर माणसं बोलत असतील तरी नाही. आणि संवाद बघ. छापलेल्या पानावर अवतरणचिन्हं आणि नवी ओळ यांमुळं कोण बोललं ते डोळ्याला कळतं. कानाला चिन्हं दिसत नाहीत. समज, पानावर असं आहे:

‘पाणी सुटलं का रं?’
‘सुटलं.’
‘कवा?’
‘मघाच. तुमी झोपला हुता,’ शिरपा म्हणाला.

तू हे जसंच्या तसं वाचलंस तर चौथ्या ओळीच्या शेवटी कळणार की शिरपा बोलत होता, आणि तोवर उशीर झालेला. मी पेन्सिलनं ‘शिरपा म्हणाला’ला वर्तुळ करून बाण काढते आणि पहिल्या उत्तराच्या आधी आणते. ‘बापूंनी विचारलं, पाणी सुटलं का रं? शिरपा म्हणाला, सुटलं.’ नाव आधी, बोलणं मागून. पुढच्या दोन ओळींना मग काही लागत नाही. एवढं एकच काम गोष्टभर केलंस, तरी मागचे अर्धे ‘काय म्हणाली?’ थांबतील. ते प्रश्न बऱ्याचदा ‘कोण म्हणालं?’ असेच असतात.

याच कारणानं मी नवीन वाचणाऱ्याला कथाकथनकारांच्या गोष्टी आधी घ्यायला सांगते. शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव व्यासपीठावरून कथा सांगत फिरले. त्या गोष्टी भरल्या सभेत ऐकवून पारखलेल्या आहेत, जिथं लोक हसत नव्हते तिथं त्यांना समोरच कळलं. तुझ्या ऐकणाऱ्यांपैकी एखाद्यानं तरुणपणी त्यांतला एखादा कार्यक्रम ऐकलाही असेल. उलट वि. स. खांडेकर आपल्या सांगलीचे, मी त्यांना फार मानते, पण त्यांची लांब, उपमांनी भरलेली वाक्यं कानानं पेलत नाहीत. अर्ध्या वाक्यात कर्ता हरवतो. ती घरी एकट्यानं वाचायची पुस्तकं आहेत. आणि पु. लं.च्या ज्या गोष्टी सगळ्यांनी त्यांच्याच आवाजात कॅसेटवर ऐकल्यात, त्या तू वाचू नकोस. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ आवाज चालू असतो आणि तुझा त्याच्या आड येतो.

विषयाकडं आता येते, कारण इथं मी स्वतः मोठी चूक केली होती. म्हातारी माणसं आहेत तर म्हातारपणावरचं वाचावं असं मला वाटलं. मुलगा आईला आश्रमात सोडून येतो, अशी एक गोष्ट घेतली, चांगली लिहिलेली. वाचून संपली तेव्हा हॉलमध्ये कुणी हाललं नाही. मला वाटलं गोष्ट भिडली. मग पदर तोंडाला लावलेल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, आमचं आमाला ठावं हाय. दुसरं काय तर वाचा.’ पुढच्या बुधवारी त्या आल्या नाहीत. त्यांच्या घरी काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. तेव्हापासून आजारपण, वृद्धाश्रम, पोरांनी टाकलेले आईबाप, यातलं काहीही मी स्वतःहून वाचलेलं नाही.

वजाबाकी कर. तुझ्याकडं येणारी माणसं बहुतेक सत्तर ते ऐंशीची असतील. पंचाहत्तरीचा माणूस १९५०च्या आसपास जन्मलेला. दहा ते तीस या वयातलं माणसाला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात ठसठशीत आठवतं. म्हणजे १९६० ते १९८०. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, १९७२च्या दुष्काळात बावीसचा, रोजगार हमीच्या कामावर कदाचित खडी फोडायला गेलेला. तंबूतला सिनेमा, यात्रेतला तमाशा, गावात पहिली एस. टी. आली तो दिवस, साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम, रेशनचा लाल मिलो, पहिला ट्रान्झिस्टर. हा काळ ज्या गोष्टीत आहे ती घे. लेखक कोण, बक्षीस मिळालंय का, हे दुसरं. तुझ्याच वाचनालयाच्या कपाटात वरच्या फळीवर जुने दिवाळी अंक बांधून ठेवलेले असतील, ते खाली काढ. त्यांतल्या ललित लेखांची लांबी बऱ्याचदा पाच-सात पानांची असते आणि गाव, शाळा, बाजार हे त्यांचे नेहमीचे विषय. माझा निम्मा साठा तिथून आलाय.

भूकंपाचं वाचताना मात्र जपून. पाटण भागातून लग्न होऊन आलेली एखादी बाई असेल तर आधी चौकशी कर. तिच्यासाठी ती आठवण गप्पांची नसेलही.

आणखी एका गोष्टीत आधी चौकशी लागते. माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ तुला कुणीही सुचवील आणि मीही सुचवते. पुस्तक १९४९चं, एकेका माणसावर एकेक लेख, लांबी बेताची, माणूस डोळ्यांपुढं उभा राहतो. आटपाडीकडचं बोलणं, म्हणजे कोरेगावच्या मंडळींना परकं नाही. पण त्यातल्या बऱ्याच लेखांच्या शीर्षकातच जातीचं नाव आहे. त्या काळी गावात माणूस तसाच ओळखला जायचा, आणि लेखकानं लिहिलंय ते कळवळ्यानं. तरी तुझ्या समाजमंदिरात ज्याला जन्मभर त्याच नावानं हाक मारली गेली तो आजोबा बसलेला असेल, आणि माईकवरून ते नाव वीस वेळा ऐकताना इतरांच्या नजरा त्याच्याकडं वळतील. मूळ मजकुरातला शब्द बदलू नये, लेखकाचा तो हक्क आहे. म्हणून मी त्यातला असा लेख निवडते ज्यात हे येत नाही, किंवा निवडायचाच झाला तर आदल्या दिवशी त्या माणसाच्या घरी जाऊन विचारते. एकदा असंच विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘वाच की. आमच्या बापाचीच गोष्ट हाय ती.’ आणि वाचून झाल्यावर वीस मिनिटं तेच बोलत होते. दुसऱ्या वेळी दुसऱ्या एकांनी नको म्हटलं, आणि मी वाचलं नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’बद्दलही असंच. बोलल्यासारखी छोटी वाक्यं, तुटक तुटक प्रसंग, वाचायला सोन्यासारखं पुस्तक. त्यात त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग येतात. काही घरांतल्या बायका ते ऐकून ‘आमची आजेसासू अश्शीच’ म्हणून हसतील. काहींना ते सोवळं उंबऱ्याबाहेर उभं राहून भोगलेलं आठवेल. तुझ्या गटात कोण आहे ते तुलाच माहीत, आणि नसेल तर दोन गुरुवार नुसतं ऐकून कळून येईल.

कुणीतरी पोथी वाच म्हणेल, नक्की म्हणेल. पोथीचं वाचन त्यांच्या कानाला सवयीचं आहे आणि त्यातून आपल्याला एक शिकण्यासारखं आहे, पोथी वाचणारा थांबतो, अर्थ सांगतो, मग पुढं जातो. गोष्ट ठाऊक असली म्हणून कुणाचं बिघडत नाही, उलट पुढं काय येणार हे माहीत असल्याचा आनंद असतो. म्हणून एकदा रंगलेली गोष्ट सहा महिन्यांनी बेलाशक पुन्हा वाच. पण पोथी मात्र देवळात राहू दे. समाजमंदिर सगळ्यांचं आहे आणि तुझ्या गटात एखादे मुलाणी चाचा असतील, तर पोथीच्या दिवशी ते काही न बोलता यायचे थांबतील.

एक नमुना सांगते, म्हणजे तुला कामाचा अंदाज येईल. गेल्या पावसाळ्यात मी एका जुन्या दिवाळी अंकातला तंबूतल्या सिनेमावरचा लेख घेतला. अकरा पानं. घरी वाचला तर एकतीस मिनिटं. पहिलं दीड पान नुसतं संध्याकाळचं वर्णन होतं, ढग, धूळ, गुरं. डोळ्यांनी वाचायला सुंदर, पण कानाला पहिल्या मिनिटात माणूस लागतो. ते गाळलं आणि ‘तंबू आला म्हणून दवंडी पिटली’ तिथून सुरू केलं. मधे लेखकाच्या मुंबईच्या चुलतभावाचं दोन पानांचं प्रकरण होतं, त्याचा तंबूशी संबंध नव्हता, तेही गेलं. शेवटी लेखक आजच्या काळावर पानभर खंत करतो, ती गाळली आणि जनरेटर बंद पडून अंधारात सगळे आपापली पोरं हाका मारून शोधतात तिथं थांबले. उरली साडेसतरा मिनिटं. सुरुवातीला सांगितलं, ‘लेख मोठा आहे, थोडा गाळून वाचते, पुरा हवा असेल तर अंक माझ्याकडं आहे.’ हे सांगायचंच, नाहीतर लेखकावर अन्याय होतो. तिघांनी अंक मागून नेला.

वाचून झाल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारू नकोस. सगळे ‘छान’ म्हणतात आणि बोलणं तिथंच मिटतं. ‘शाळेत असताना काय वाचलंत?’ हेही नको, तुझ्याकडच्या निम्म्या बायकांना शाळेचं तोंड दिसलेलं नसेल. मी विचारलं, ‘तिकीट केवढ्याला होतं?’ बस्स. एक म्हणाला चार आणे, दुसरा म्हणाला बायकांना वेगळा दर होता, तिसऱ्या आजी म्हणाल्या, ‘आमी तिकीट कधी काढलंच न्हाई, कनात उचलून शिरायचो.’ गोष्ट लागली की नाही हे यावरून ओळखायचं. ‘छान झालं’ म्हणून माणसं चपला शोधायला लागली तर नाही लागली. ‘आमच्याकडं तर...’ असं कुणी सुरू केलं की लागली. डोळे मिटून बसलेल्यांवरून काही ठरवू नकोस, माझ्याकडचे एक आजोबा पूर्ण वेळ डोळे मिटून असतात आणि गाळलेलं वाक्य त्यांनाच आधी कळतं.

एक वही कर. तारीख, गोष्ट, किती मिनिटं लागली, पहिलं कोण बोललं आणि कशावरून. आठ-दहा गुरुवारांनी ती वहीच सांगेल पुढं काय निवडायचं. माझ्या वहीत बैलबाजार, चूल आणि शाळेतला मार या तीन विषयांवर दरवेळी बोलणं झालंय, आणि प्रवासवर्णनांवर एकदाही नाही.

उरली तुझी कादंबरी. ती नुसती टाकून देऊ नकोस. या गुरुवारी नवी गोष्ट सुरू करायच्या आधी पुस्तक मिटून ठेव, आणि उरलेली कथा दहा मिनिटांत तोंडी सांग, शेवटासकट. त्या अकरा जणांनी तीन गुरुवार तुझ्याबरोबर काढलेत, पुढं काय झालं ते त्यांना कळायला हवं. ज्याला पूर्ण वाचायची असेल त्याच्या नावावर ती त्याच दिवशी चढव.